टेम्पोचा दिवा चालू होता का?

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवर नव्या मोटर सर्व्हेअरांसमोर केलेलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं)

सगळ्यांना नमस्कार. मी गाड्यांच्या अपघाताचा सर्व्हे करतो, म्हणजे गाडी जिथे पडलीय तिथे जाऊन काय झालंय ते बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा. आज एकच केस सांगतो, माझी स्वतःची, आणि ती पूर्ण सांगतो कारण त्यात चूक माझी होती.

सिन्नरच्या अलीकडे, नाशिक-पुणे रोडवर, रात्री एक टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा होता आणि मागून मोटरसायकल येऊन धडकली. मोटरसायकलवाला जखमी झाला. टेम्पोच्या विम्यासाठी मला पाठवलं, मी पहाटे पोचलो तेव्हा टेम्पो जागेवरच होता. डायरीत मी लिहिलं: टेम्पोचा मागचा डावा कोपरा आत गेलाय, टेललाइटची काच फुटलीय, टेम्पोचं डावं चाक डांबराच्या कडेपासून किती आत आहे ते माप. फोटो काढले बारा-चौदा. केबिनमध्ये डोकावलो, लाइटचा स्विच बघितला. बघितला हे मला आजही आठवतं, पण लिहिला नाही. लक्षात राहील असं वाटलं आणि पुढच्या कामाला गेलो.

रिपोर्ट लिहायला बसलो अकराव्या दिवशी. मधल्या दिवसांत गॅरेजमध्ये मोटरसायकलवाल्याचा भाऊ भेटला, तो दोनदा म्हणाला की टेम्पो पूर्ण अंधारात उभा होता, काही दिसतच नव्हतं. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "पार्किंग लाइटचा स्विच बंद स्थितीत आढळला." आणि लिहिताना मला जराही शंका नव्हती, डोळ्यासमोर स्विच दिसत होता, बंद.

तीनेक वर्षांनी मोटर अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मला साक्षीला बोलावलं. वकिलांनी शांतपणे विचारलं, स्विच बंद होता हे तुम्ही जागेवर कुठे लिहिलंय ते दाखवा. डायरी माझ्या हातात होती, दाखवायला ओळ नव्हती. मग त्यांनी माझाच एक फोटो पुढे केला, केबिनच्या दारातून घेतलेला, कोपऱ्यात डॅशबोर्डची नॉब पुसटशी दिसते आणि ती सरळ नाही, एक घर फिरलेली आहे. म्हणजे बहुतेक लाइट चालू होते. मी खोटं बोललो नव्हतो, मला मनापासून तसंच आठवत होतं. पण आठवत होतं ते त्या भावाचं बोलणं होतं, माझं बघणं नव्हतंच.

आपल्याला वाटतं आठवण म्हणजे शाईसारखी, हळूहळू फिकी होते. फिकी होतेच. हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेली अर्थहीन अक्षरं पहिल्या तासाभरातच सगळ्यात जास्त निसटतात आणि नंतर गळती मंदावते. आता अक्षरं वेगळी आणि अपघाताची जागा वेगळी, त्यामुळे त्यांचे आकडे मी इथे लावत नाही. पण माझ्या केसमध्ये फिकेपणा हा प्रॉब्लेमच नव्हता, रिकाम्या जागेत दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ते कसं बसतं हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये दाखवलं. लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली, मग काहींना विचारलं गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा स्पीड किती होता, आणि काहींना विचारलं गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा किती होता. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. "आदळल्या" ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, "लागल्या" ऐकलेल्या 50 पैकी 7. एका शब्दाने एवढा फरक, आणि मी तर भावाचं आख्खं वाक्य दोनदा ऐकलं होतं!

म्हणून माझं म्हणणं असं की जागेवरची नोंद ही दुसऱ्या कुणाशी बोलायच्या आधीची पाहिजे. पोचल्याची वेळ, उजेड किती, रस्ता ओला की कोरडा, तुम्ही यायच्या आधी काय हलवलंय, मग केबिन: गिअर, हँडब्रेक, स्विच. मापं गाडीपासून घेऊ नका, गाडी तासाभरात क्रेनने जाते, मापं किलोमीटरचा दगड किंवा नंबर असलेला विजेचा खांब यापासून घ्या. नंतर लोकांशी बोला आणि ते वेगळ्या पानावर लिहा, कोण म्हणालं आणि त्याच्याच शब्दांत. मी बघितलं, मला सांगितलं, मला वाटतं, हे तीन एकाच वाक्यात आले की संपलं, नंतर तुम्हालाच ते सोडवता येत नाही.

त्या टेललाइटच्या बल्बचंही सांगतो. जुन्या बल्बात दोन फिलामेंट असतात, 21 वॉटची ब्रेकची आणि 5 वॉटची टेललाइटची. धक्का बसताना जी पेटलेली आणि तापलेली असते ती मऊ असते, ती ताणली जाते, तिचे वेटोळे उलगडतात. थंड असेल तर तशीच राहते किंवा कट्कन तुटते. बल्बची काच फुटताना फिलामेंट तापलेली असेल तर तिच्यावर पांढरट-पिवळट थरही येतो. म्हणजे दिवा चालू होता का याचं उत्तर त्या कोपऱ्यातच होतं! मी "काच फुटलीय" एवढंच लिहिलं, बल्बकडे बघितलंच नाही, पोलिसांनाही सांगितलं नाही, आणि गॅरेजवाल्याने नवा लाइट बसवून जुना भंगारात टाकला. एलईडीमध्ये ही युक्ती चालत नाही, फिलामेंटच नसते.

रिपोर्ट त्याच दिवशी, झोपायच्या आधी. निदान कच्चा तरी. साक्षीदाराने साक्ष देताना स्वतःचं लिखाण बघून आठवण ताजी करायला कायद्याने परवानगी आहे, पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम 159 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या 162 मध्ये आहे. पण अट अशी की ते लिखाण घटनेच्या वेळचं हवं, किंवा इतक्या लवकरचं की तेव्हा गोष्ट मनात ताजी असेल असं कोर्टाला वाटावं. किती तास ते कायदा सांगत नाही, कोर्ट ठरवतं. आणि ज्यावरून तुम्ही आठवण ताजी केली ते समोरच्या बाजूला मागून बघता येतं, त्यावर उलटतपासही घेता येतो. म्हणून रिपोर्ट झाला की डायरी फाडून टाकायची सवय सोडा, खाडाखोडही करू नका, चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. दुसऱ्या दिवशी काही आठवलं तर खाली नवी तारीख आणि वेळ टाकून लिहा, जुन्या ओळीत घुसवू नका.

एकाने विचारलंय, इगतपुरीच्या पावसात डायरी कशी काढायची, मोबाईलवर बोलून रेकॉर्ड केलं तर चालेल का? चालेल, मी पण करतो. सुरुवातीला तारीख-वेळ-ठिकाण बोला आणि संध्याकाळी ते लिहून काढा, ओरिजिनल फाइल ठेवा. फोटोंचं मात्र लक्षात घ्या, व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की फोटोतली वेळेची नोंद निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फोटो फोनमधून डिलीट करू नका, माझ्या केसमध्ये तो फोटो होता म्हणून खरं काय ते निदान अर्धं तरी कळलं.