सहा पडेपर्यंत बसून राहायचं?

लुडोतली भांडणं बहुतेक दोनच ठिकाणी पेटतात: सोंगटी घराबाहेर कधी काढायची आणि जोडी मारता येते का. दोन्हींचा निकाल आवाज चढवून लावण्याची गरज नाही. त्या नियमाने खेळाचं काय होतं, एवढं पाहिलं तरी पुरतं.

आधी सहाचा नियम घेऊ. फक्त सहावर सोंगटी निघणार असेल, तर सहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता साधारण तेहतीस टक्के असते. चौघं खेळत असतील तर सहा फेऱ्यांनंतर किमान एक जण घरातच अडकलेला असण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते. बहुधा तो घरातला सगळ्यांत लहान मुलगा असतो आणि रडारड तिथूनच सुरू होते. एक किंवा सहा, दोन्हींवर सोंगटी काढू दिली की तेच प्रमाण तीस टक्क्यांवर येतं. म्हणून लहान मुलं खेळायला असतील तर मी एक-सहाच्या बाजूने आहे. मोठ्यांनी खुशाल सहाची वाट पाहावी. मात्र हे पहिलं दान टाकण्यापूर्वी ठरवा, कोणी अडकल्यावर नव्हे.

जोडीचा वाद जास्त अवघड, कारण तो डाव रंगात आल्यावर उभा राहतो. समजा, लाल रंगाच्या दोन सोंगट्या घरापासून तीस घरं पुढे, तारा नसलेल्या एकाच घरात आहेत. पिवळी चार घरं मागे आहे आणि तिला चार पडले. पिवळा म्हणतो, दोन्ही मेल्या. लाल म्हणतो, जोडी मरत नाही. ठरलेलं काहीच नाही.

अशा वेळी मी आधी विचारतो, याच डावात असं पूर्वी घडलं होतं का? घडलं असेल तर तोच नियम. नसेल, तर ज्या निकालाने कमी नुकसान होतं तो घ्यावा. एका दानाची सरासरी साडेतीन घरं. दोन्ही सोंगट्या मारल्या तर लालची साठ घरांची चाल, म्हणजे सतरा दानांची मेहनत जाते. पिवळ्याला थांबवलं तर त्याचं एक दान जातं, आणि दुसरी सोंगटी चालवता आली तर तेही वाचतं. म्हणून जोडी राहू द्यावी. आपल्या सारीपाटातही जुग फुटल्याशिवाय सोंगटी मरत नाही, त्यामुळे आजी-आजोबांनाही हा निकाल पटतो.

पण जोडी मरत नाही म्हणून तिने वाटही अडवायची, हे मला मान्य नाही. लालने जोडी पिवळ्याच्या निघण्याच्या घरावरच बसवली आणि इतर सोंगट्या चालवत राहिला, तर सहा पडूनही पिवळा बाहेर येणार नाही. तेव्हा जोडीवरून पुढे जाऊ द्यावं, आणि निघण्याच्या घरावर परक्या जोडीला संरक्षण देऊ नये.