रिजेक्ट झाल्यावर मॅनेजरला नेमकं काय विचारायचं

(चाकण-भोसरी पट्ट्यातल्या नोकरी शोधणाऱ्या डिप्लोमा-डिग्रीवाल्या पोरापोरींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. मी क्वालिटीतला माणूस, ऑटो कंपोनंटच्या प्लँटमध्ये बरीच वर्षं काढली आणि त्यात इंटरव्ह्यू पॅनलवर बसणं हे काम आपोआप गळ्यात पडतंच. आज विषय असा दिलाय की रिजेक्शनचा मेल आल्यावर ज्या मॅनेजरनं इंटरव्ह्यू घेतला त्याला फीडबॅक कसा मागायचा, म्हणजे त्याला असं वाटू नये की हा पोरगा चिडून भांडायला आलाय. त्यावर माझं एक ठाम मत आहे आणि ते सांगायला मी मुद्दाम आलोय.

इथे क्वालिटीतले किती? हात वर करा. बरेच आहेत, मग सोपं जाईल. कस्टमरकडून लॉट रिजेक्ट होऊन आला की आपण काय विचारतो? "साहेब, का रिजेक्ट केलात?" असं कोणी विचारतं का? नाही विचारत. आपण विचारतो की कुठलं डायमेन्शन, किती पीस, कुठल्या गेजनं चेक केलं, शक्य असेल तर फोटो पाठवा, दोन पीस परत पाठवा. कारण "का रिजेक्ट केलं" म्हटलं की समोरचा आपला निर्णय बरोबर होता हे पटवायला लागतो, आणि "कुठे" म्हटलं की तो पार्ट हातात घेऊन बघतो. नोकरीच्या रिजेक्शनलाही मी हेच लावतो, आणि ते का लागू पडतं हे कळायला मॅनेजरच्या टेबलावर काय होतं ते बघावं लागेल.

मला एक मेल आला होता, एका मुलाचा. मुलगा चांगला होता, शेवटच्या राउंडपर्यंत आलेला. मेल असा की, "सर, मी सर्व प्रश्नांची उत्तरं व्यवस्थित दिली होती, तरीही माझं सिलेक्शन झालं नाही. कृपया कारण कळवावं, म्हणजे मला सुधारणा करता येईल." आता यात वाईट शब्द एकही नाही. तो चिडलेला नव्हता हे मला आजही माहितीये, त्याला खरंच कळत नव्हतं. पण "तरीही" आला की वाक्याचा अर्थ असा होतो की तुमचा निर्णय चुकलाय, आणि "कारण कळवावं" म्हटलं की ती निर्णयाचा खुलासा मागणारी नोटीस होते. निर्णयाचा खुलासा हा मॅनेजरच्या हातातला विषयच नाही. पॅनलवर तीन जण असतात, प्रत्येकाची शीट वेगळी, त्यावर एचआरची शीट, आणि कोणाला घेतलं, दुसऱ्याला का नाही, हे बाहेर लिहून द्यायचं नाही असं बहुतेक ठिकाणी तोंडी नाहीतर लेखी सांगितलेलं असतं. म्हणून असा मेल आला की मॅनेजर तो एचआरला फॉरवर्ड करतो, एचआर म्हणतं आम्ही बघतो, आणि तिकडून तेच ठरलेलं उत्तर जातं की आम्ही तुमचा रेझ्युमे आमच्याकडे ठेवत आहोत, पुढे योग्य संधी आल्यास कळवू. हे तुम्हा सगळ्यांकडे आलेलं असणार. (हशा) हसताय म्हणजे आलंय.

या उत्तराचा मला मनापासून राग येतो, हे इथे बोलून टाकतो. माणूस सुट्टी टाकून येतो, दोन बस बदलून येतो, गेटवर आयडी दाखवून तासभर बसतो, दोन राउंड देतो आणि त्याच्या हातात हे दोन ओळींचं छापील उत्तर ठेवायचं. सरकारी परीक्षेत निदान काहीतरी सोय आहे. २०११ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका आरटीआयखाली बघता येते. इथे एमपीएससी करणारे असतील त्यांना हे माहिती असेलच. खासगी कंपनीला आरटीआय लागू नाही, त्यामुळे इंटरव्ह्यूची शीट तशी मागता येत नाही. म्हणजे उरतो फक्त मॅनेजरचा चांगुलपणा, आणि तो चांगुलपणा वापरायला त्याला सोपं जाईल असा प्रश्न आपण विचारायचा. मॅनेजरला एचआरची परवानगी न काढता, आपल्या खुर्चीत बसून, चहा पिता पिता उत्तर देता आलं पाहिजे, असा प्रश्न. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आता दुसरा मेल सांगतो. मुलगी भोसरीतल्या एका छोट्या सप्लायरकडे चार वर्षं होती, क्वालिटी इंजिनिअरच्या पोस्टला आलेली. इंटरव्ह्यूत आम्ही तिला केस दिली होती: मशीन्ड हाऊसिंग आहे, बोअर अंडरसाईज गेला, कस्टमरच्या लाईनवर शाफ्ट बसत नाही, गो गेज आत जात नाही, तुम्ही काय कराल. तिनं सुरुवात झकास केली. कस्टमरकडचा, ट्रान्झिटमधला आणि आपल्या गोडाऊनमधला सगळा माल अडवायचा, हंड्रेड पर्सेंट चेक करायचा, ओके पार्टवर मार्किंग करायचं, सगळं बरोबर. मग रूट कॉजवर आली आणि म्हणाली की ऑपरेटरनं इन्सर्ट वेळेवर बदलला नाही. अ‍ॅक्शन काय, तर ऑपरेटरला ट्रेनिंग आणि मशीनवर बोर्ड. माझ्या शेजारच्यानं विचारलं, "मग पुढे?" ती म्हणाली, "ट्रेनिंगचं रेकॉर्ड ठेवू." त्यानं परत विचारलं, "आणि हा ऑपरेटर सुट्टीवर गेला तर?" ती गप्प. मग आम्ही विषय बदलला.

हे तुम्ही नीट लक्षात ठेवा. पॅनलवरचा माणूस एकच गोष्ट दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारतो, आणि मग अचानक विषय बदलतो, तेव्हा आपण कमी पडलो ती जागा तीच असते. शीटवर त्या क्षणाला काहीतरी लिहिलं जातं. बाहेर आल्या आल्या, बसमध्ये, टपरीवर, कुठेही, सगळे प्रश्न मोबाईलमध्ये लिहून काढा आणि जिथे असं झालं तिथे खूण करा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर अर्धं विसरलेलं असतं.

रिजेक्शन आल्यावर त्या मुलीनं दोन दिवसांनी मेल केला. मेल इंग्रजीत होता, मी अर्थ सांगतो. "सर, तुमच्या टीमचा निर्णय एचआरकडून कळला, वेळ दिल्याबद्दल आभार. बोअर अंडरसाईजच्या केसमध्ये मी ऑपरेटर ट्रेनिंगवर थांबले आणि 'मग पुढे' याला मला उत्तर सुचलं नाही. तिथे तुम्हाला कुठल्या दिशेचं उत्तर अपेक्षित होतं, हे दोन ओळीत सांगितलंत तर मला माझ्या कामात उपयोग होईल." संपला मेल. रेझ्युमे जोडलेला नाही, "पुढच्या वेळी माझा विचार करावा" नाही, "मला अजिबात वाईट वाटलेलं नाही" हेही नाही. हे शेवटचं वाक्य तर कधीच लिहू नका, कारण ते वाचलं की वाईट वाटलंय एवढंच समोरच्याला कळतं. आणि "पुढच्या वेळी विचार करा" लिहिलं की तो मेल अर्ज होतो आणि अर्ज परत एचआरकडे जातो.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, कारण त्यात गुप्त काहीच नव्हतं, दोन क्वालिटीवाल्यांमधलं बोलणं होतं ते. मी लिहिलं की इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जातो हे तुम्ही बरोबर पकडलंत, पण झिजलेल्या इन्सर्टवर मशीन चालू राहिलंच कसं, हा पुढचा प्रश्न होता. टूल लाईफ काउंटर लावून ठरलेल्या पीसनंतर सायकल लॉक करता येते, मग ऑपरेटर कोणीही असो. आणि दुसरं, खराब पार्ट बनला हे एक कारण झालं, तो आपल्या गेटबाहेर गेला याचं कारण वेगळं असतं, तुमचं उत्तर पहिल्यावरच थांबलं. गो गेज किती पीसनंतर लावत होते, शेवटचा ओके पीस कुठला, हे विचारायला हवं होतं.

तिचा परत एक ओळीचा मेल आला, की सर, आमच्या मशीनवर काउंटर आहे पण लॉक लावलेलं नाही, सोमवारी मेंटेनन्सशी बोलते. बघा, ती स्वतःचा बचाव करत बसली नाही. कडवटपणा खरा दिसतो तो इथे, पहिल्या मेलमध्ये नाही. उत्तर आल्यावर "सर, पण मी तर ते सांगितलं होतं" असं लिहिलं की मॅनेजर पुढच्या दहा जणांना उत्तर देणं बंद करतो. तुम्ही सांगितलं असेलही, त्याला ऐकू गेलं नाही, तर तोही फीडबॅकच आहे.

मागून चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं म्हणतायत, म्हणजे राहिलेलं भराभर घेतो.

वेळ. रिजेक्शन आलं त्याच रात्री लिहू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या, पण दोन आठवडेही नको. ज्या पोस्टला एका दिवसात पाच-सहा जण बघितलेत त्यातला कोण काय बोलला हे तोवर एकमेकांत मिसळतं, म्हणून मेलमध्ये तारीख, पोस्ट आणि ती केस लिहाच.

मॅनेजरचा मेल आयडी नसतो, खरंय. मग रिक्रूटरला पाठवा आणि म्हणा की खालचा परिच्छेद त्यांना पुढे पाठवाल का. परिच्छेद असा लिहा की तो जसाच्या तसा फॉरवर्ड होईल. लिंक्डइनवर चालतं, पण तिथे एकदाच. फोन करू नका, फोनवर माणूस अडकतो आणि गोड बोलून सुटका करून घेतो. उत्तर नाही आलं तर आठवड्या-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

कुठे कमी पडलो हेच कळत नसेल तर? तर दोन विषय तुम्हीच ठेवा. "एट-डी आणि एमएसए, यातलं मी आधी कशावर काम करावं?" असं विचारलं की समोरच्याला फक्त बोट ठेवायचं असतं.

आणि हे कुठे चालत नाही तेही ऐका. नुसत्या रेझ्युमेवर बाद झालात तर विचारण्यात अर्थ नाही, तुम्हाला कोणी पाहिलेलंच नसतं. टेक्निकल राउंड छान झाला, मग एचआरनं नोटीस पिरियड विचारला, तुम्ही ९० दिवस सांगितलेत आणि तिथून बोलणं थंड पडलं, तर कारण बहुतेक तेच आहे. तिथे रूट कॉजचा अभ्यास करत बसू नका, नोटीस बायआऊट होतो का ते आधी आपल्या कंपनीत विचारून ठेवा. आतलाच माणूस घेतला असेल किंवा पोस्ट होल्डवर गेली असेल तर मॅनेजर ते लिहूच शकत नाही, तो म्हणतो "अनुभव थोडा कमी वाटला". असं गुळगुळीत उत्तर आलं की आभार मानून विषय संपवा, खोदू नका. एका ठिकाणचं मत ते एका पॅनलचं मत असतं, पण दोन वेगळ्या कंपन्यांनी त्याच जागी बोट ठेवलं तर मात्र तिथे काम करा.

बस, वेळ संपली. कोणाच्या मोबाईलमध्ये लिहून ठेवलेला मेल असेल तर घेऊन या, चहा होईपर्यंत मी इथेच आहे, एकेक वाक्य बघू.