बोटाचे पेर आणि स्टेरॉइडचे मलम

श्रोतेहो, नमस्कार.

परळच्या माझ्या दवाखान्यात मी मलमाची चिठ्ठी लिहू लागले की समोरून एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, यात स्टेरॉइड तर नाही ना?" गेल्या पावसाळ्यात हाच प्रश्न घेऊन पाच वर्षांच्या एका मुलीची आई आली होती. मुलीला दोन वर्षांपासून इसब होते. कोपरांच्या आणि गुडघ्यांमागच्या खळग्यांत कातडी जाड, काळपट आणि खरखरीत झाली होती, मनगटांवर ओरखडे होते, मानेवर लालसर चट्टा होता, आणि रात्री खाजवून खाजवून चादरीला रक्ताचे ठिपके पडत असल्याचे आजी सांगत होत्या. आईने पिशवीतून एक जुनी ट्यूब काढली. आधीच्या डॉक्टरांनी दिलेले मलम अगदी योग्य होते. ट्यूब दहा ग्रॅमची होती, पाच महिन्यांपूर्वी घेतलेली होती आणि अजून अर्धी शिल्लक होती. "कातडी पातळ होते म्हणतात, म्हणून खाज फारच वाढली तर थोडेसे लावते आणि लगेच बंद करते," असे त्या म्हणाल्या.

आजचे माझे सगळे बोलणे त्या अर्ध्या उरलेल्या ट्यूबविषयी आहे. त्या आईची भीती निराधार नव्हती, मात्र ती चुकीच्या जागी खर्च होत होती, आणि तिची किंमत मुलीची झोप देत होती.

प्रथम जोराविषयी. त्वचेवर लावण्याचे हायड्रोकॉर्टिसोन 1952 साली वापरात आले, आणि त्यानंतर त्याहून कितीतरी जोरदार औषधे तयार झाली. आज या मलमांच्या ढोबळ चार पायऱ्या मानतात. सौम्य पायरीवर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, मध्यम पायरीवर क्लोबेटासोन, जोरदार पायरीवर मोमेटासोन किंवा बीटामेथासोन व्हॅलरेट आणि अतिजोरदार पायरीवर क्लोबेटासोल आहे. येथे एक गफलत फार जणांची होते. ट्यूबवरचा टक्का पाहून जोर ठरवता येत नाही. क्लोबेटासोलच्या ट्यूबवर 0.05 टक्के असे लिहिलेले असते आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या ट्यूबवर एक टक्का. आकडा लहान दिसतो म्हणून पहिले सौम्य असेल असे वाटते, प्रत्यक्षात ते दुसऱ्याच्या कित्येक पट जोरदार असते. आणखी गोंधळ असा की क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल या दोन नावांत फरक एका अक्षराचा असला, तरी जोरात दोन पायऱ्यांचे अंतर आहे. म्हणून केमिस्टकडे नाव तोंडी सांगू नका, चिठ्ठी दाखवा, आणि घरी आल्यावर ट्यूबवरचे नाव चिठ्ठीशी ताडून पाहा.

जोराइतकीच जागा महत्त्वाची असते. कातडी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. 1967 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या कोणत्या भागातून किती शोषले जाते हे मोजले होते. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत कपाळातून ते सुमारे सहापट, वृषणांवरच्या त्वचेतून चाळीसपटीहून अधिक, आणि तळपायातून जेमतेम सातवा हिस्सा आत गेले. याचा अर्थ असा की तळपायाच्या जाड भेगांवर जे मलम नीट काम करते, तेच चेहऱ्यावर किंवा जांघेत लावले तर औषधाची मात्रा न वाढवताही परिणाम कितीतरी पटींनी वाढतो. जांघ, काख आणि लंगोटाखालची जागा ओलसर व झाकलेली असते, तिथे तर मलम जणू पट्टी बांधून ठेवल्यासारखे मुरते.

आता कातडी पातळ होते म्हणजे नेमके काय होते ते सांगते. स्टेरॉइड सूज आणणाऱ्या पेशींना आवर घालते, म्हणूनच खाज थांबते. परंतु त्याच वेळी ते वरच्या थरातील नव्या पेशींची वाढ मंदावते आणि खालच्या थरात कोलॅजन नावाचा जो धागा कातडीला ताकद देतो, त्याचे उत्पादन कमी करते. जोरदार मलम एकाच जागी आठवड्यांमागून आठवडे, खंड न पडता लागत राहिले, तर कातडी चकचकीत होते, चिमटीत धरली की पातळ कागदासारख्या बारीक सुरकुत्या पडतात, लाल रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागते आणि किरकोळ धक्क्यानेही निळे डाग उमटतात. वरच्या थराचे हे पातळपण वेळीच ओळखले तर मलम थांबवल्यावर बहुतेक भरून येते. पट्टे, म्हणजे गरोदरपणात पोटावर पडतात तसे जांभळट ओरखडे, मात्र एकदा पडले की फिके होतात, पण पुसले जात नाहीत.

त्या आईला मी विचारले की यांपैकी काय दिसते आहे. त्यांनी मुलीच्या दंडावरचा एक फिकट डाग दाखवला आणि हे मलमानेच झाले असे म्हणाल्या. हा समज आपल्याकडे फार दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर इसब बरे होताना मागे पांढुरका किंवा काळपट डाग राहतो, कारण सुजेमुळे रंग बनवणाऱ्या पेशी काही काळ विस्कळीत झालेल्या असतात. स्टेरॉइडनेही कधी कधी रंग फिका होतो, हे खरे आहे; पण या मुलीच्या दंडावर मलम कधी लागलेच नव्हते. तिच्या कोपराची कातडी तर पातळ होण्याऐवजी दुप्पट जाड झालेली होती. ती खाजवल्याने झाली होती.

मग आम्ही मोजमाप केले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, म्हणजे एका पेरावर, नेहमीच्या ट्यूबमधून मलमाची सलग रेघ ओढली तर ती साधारण अर्ध्या ग्रॅमची होते, आणि तेवढे मलम मोठ्या माणसाच्या, बोटांसकट धरलेल्या दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते. आईने आपला तळवा मुलीच्या अंगावर ठेवून पाहिला. दोन्ही कोपरांचे खळगे आणि मनगटे मिळून दोन तळवे भरले, गुडघ्यांमागची जागा मिळून आणखी दोन. चार तळवे म्हणजे दोन पेरे, दोन पेरे म्हणजे रोज एक ग्रॅम, आणि चौदा दिवसांचे चौदा ग्रॅम. पाच महिन्यांत ज्या घरात जेमतेम पाच ग्रॅम संपले होते, तिथे दोन आठवड्यांत पंधरा ग्रॅमची ट्यूब जवळपास संपायला हवी होती! ते ऐकून आजी दचकल्या. मी त्यांना समजावले, "आजी, थोडे थोडे लावल्याने आग अर्धवट विझते, दोन दिवसांत पुन्हा भडकते, आणि मलम वर्षभर थांबतच नाही. नीट लावले तर थांबवता येते."

कोपरे, मनगटे आणि गुडघ्यांमागची जागा यांसाठी मी मोमेटासोन दिले, दिवसातून एकदा, रात्री. अशी जोरदार मलमे दिवसातून दोनदा लावल्याने एकदा लावण्यापेक्षा बहुधा जास्त फायदा होत नाही. मानेसाठी वेगळी ट्यूब, एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनची. दोन ट्यूबांची अदलाबदल होऊ नये म्हणून आईने एकीवर मार्करने "मान" आणि दुसरीवर "हात-पाय" असे लिहिले, व खाली सुरू केल्याची तारीख घातली. साधे व्हॅसलीन दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या अंगाला लावायचे, पण मलमाच्या आधी किंवा नंतर अर्धा तास सोडून, नाहीतर मलम पातळ होऊन भलत्याच जागी पसरते.

थांबायचे कधी हे डोळ्यांनी ठरवू नये, असे मी नेहमी सांगते. काळपट रंग जायला महिने लागतात, आणि रंगामागे धावत मलम लावत राहणे हीच कातडी पातळ करण्याची वाट आहे. डोळे मिटून बोट फिरवा. खरखर आणि जाडपणा बोटाला लागेनासा झाला, खाज गेली, की आणखी दोन दिवस लावून थांबा. दोन आठवडे नीट लावूनही खरखर तशीच राहिली, तर आपण होऊन जोरदार मलम आणू नका, परत दाखवायला या. निदान दुसरे असू शकते. पिवळसर खपल्या धरून पाणी येऊ लागले, किंवा तापासोबत एकसारख्या बारीक फोडांचे घोस उठले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्या मुलीची खाज चौथ्या दिवशी उतरली आणि बाराव्या दिवशी कोपरे बोटाला मऊ लागू लागली. चौदाव्या दिवशी रोजचे मोमेटासोन थांबले. त्यानंतर तिला त्याच जुन्या जागांवर फक्त शनिवारी आणि रविवारी लावायला सांगितले, कारण वरून बरी दिसणारी कातडी आतून काही आठवडे धुमसत असते आणि आठवड्यातून दोन दिवसांचा हा पहारा पुन्हा भडकण्याचे प्रमाण कमी करतो. उरलेले पाच दिवस कातडीला विश्रांती मिळते.

आता भीती जिथे खरोखर बाळगावी ती जागा सांगते. याच पावसाळ्यात एक तरुण आला होता. लोकलचा घामट प्रवास, ओली जीन्स, आणि जांघेत नायटा. एका दुकानातून त्याला चिठ्ठीशिवाय एक मिश्र मलम मिळाले होते, ज्यात बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोलही होते. तीन दिवसांत खाज गेली, म्हणून तो खूश झाला. पण स्टेरॉइडने सूज दाबली आणि बुरशीला मोकळे रान दिले. आठ दिवसांनी कडा अंधूक झालेला, ओळखू न येणारा नायटा पोटापर्यंत सरकला. त्याने तेच मलम चार महिने लावले. नायटा आम्ही बुरशीच्या गोळ्यांनी बरा केला, पण मांड्यांच्या आतल्या बाजूचे जांभळे पट्टे तसेच राहिले. 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एच लागू केले, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही अशा ट्यूबा माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

गोरे होण्यासाठी चेहऱ्यावर लावल्या जाणाऱ्या काही मिश्र मलमांतही मोमेटासोन असते. पहिला महिना चेहरा उजळ दिसतो, नंतर मलम एक दिवस चुकले की आग होते, लाली आणि पुटकुळ्या येतात, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. असे महिनोन्‌महिने लावलेले असेल तर एकदम बंद करून घरी सोसत बसू नका; ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ते पायरीपायरीने उतरवतात. पापण्यांवर तर कोणतेही स्टेरॉइड स्वतःच्या मनाने लावू नये, कारण डोळ्यातला दाब वाढू शकतो.

ती मुलगी तीन महिन्यांनी पुन्हा आली तेव्हा आईने ट्यूब टेबलावर ठेवली. ही दुसरी ट्यूब होती, तारीख घातलेली, बुडापासून नीट गुंडाळत आणलेली. मी भिंगाखाली कोपर पाहिले, चिमटीत धरून सुरकुत्या पाहिल्या, रक्तवाहिन्या पाहिल्या. कातडी तिच्या वयाच्या कोणत्याही मुलीची असते तशीच होती. शनिवार-रविवारचे मलम आता फक्त रविवारी लावायचे ठरले, आणि मानेची ट्यूब कपाटात गेली.

नमस्कार.