पहिल्या तीन तासांची झोप

रात्रीचे ११. झोपेच्या प्रयोगशाळेत दिवा मालवला आहे. पलंगावर पंचविशीतली एक निरोगी तरुणी आडवी झाली आहे. तिच्या डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीवर इलेक्ट्रोड चिकटवले आहेत. शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर तिच्या मेंदूतल्या विद्युत लहरी उमटत आहेत. सकाळी तंत्रज्ञ या नोंदीचे ३० सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात झोपेचा कोणता टप्पा होता ते ठरवेल.

सुरुवातीला डोळे जड होतात, नजर संथपणे इकडून तिकडे सरकते. हा पहिला टप्पा काही मिनिटांचाच. आत्ता हाक मारली तर ती म्हणेल, मी जागीच होते. मग दुसरा टप्पा येतो. लहरींत मधूनच एक-दोन सेकंदांची दाट थरथर दिसू लागते आणि बाहेरचे आवाज तिच्यापर्यंत पोहोचेनासे होतात. संपूर्ण रात्रीतला जवळजवळ निम्मा वेळ याच टप्प्यात जातो.

आणि आता, साधारण ११.३०च्या सुमारास, पडद्यावर मोठ्या, संथ लाटा सुरू होतात. सेकंदाला एखाद-दुसरी, पण खूप उंच. लाखो चेतापेशी एकाच वेळी सक्रिय होतात आणि एकाच वेळी शांत होतात, म्हणून ही उंची. ही गाढ झोप. या वेळी तिला उठवलं तर ती काही मिनिटं गोंधळलेली राहील. शरीरात वाढीचं संप्रेरक मोठ्या प्रमाणावर स्रवतं तेही याच सुमारास.

साडेबाराच्या आसपास लाटा ओसरतात, झोप पुन्हा उथळ होते आणि बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलू लागतात. ही रेम झोप, ठळक स्वप्नांची. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली. इथे पहिलं आवर्तन पुरं होतं. एका आवर्तनाला सरासरी ९० मिनिटं लागतात, आणि रात्रभरात अशी चार-पाच होतात.

पण ही आवर्तनं एकसारखी नसतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. दुसऱ्या आवर्तनात गाढ झोप कमी होते, पहाटेपर्यंत ती जवळपास नाहीशी होते. तिची जागा दुसरा टप्पा आणि लांबत जाणारी रेम झोप घेते. म्हणजे रात्रीची बहुतेक गाढ झोप पहिल्या तीन तासांतच होऊन जाते.

असं का होतं? दिवसभर जागं असताना मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. जितका वेळ जागे राहाल, तितक्या गाढ झोपेच्या लाटा जोरकस. ही ओढ सुरुवातीच्या तासांतच फिटते. याच तरुणीने संध्याकाळी सातला तासभर डुलकी काढली असती, तर ओढीचा काही भाग तेव्हाच फिटला असता आणि रात्री ११ नंतरच्या लाटा लहान झाल्या असत्या. उशिरा घेतलेली कॉफीही असंच नुकसान करते. कॅफिन अडेनोसिनचा परिणाम अडवतं, त्यामुळे झोप लागली तरी लाटांचा जोर घटतो.

आता ती २ वाजता झोपली आणि ६ला उठली असं समजू. गाढ झोप बरीचशी मिळेल, मेंदू ती आधी वसूल करतो. कात्री लागेल ती मुख्यतः दुसऱ्या टप्प्याला आणि रेमला. तेवढ्याने ती ताजीतवानी होणार नाही, कारण गाढ झोप गरजेची असली तरी एकटी पुरत नाही.

उलट प्रकार अधिक फसवा आहे. तास पूर्ण, पण गाढ झोप हरवलेली. २००८ साली शिकागोतच निरोगी तरुणांवर प्रयोग झाला. संथ लाटा दिसल्या की हलका आवाज करायचा, इतकाच की झोप उथळ व्हावी, पण मोडू नये. झोपेचे एकूण तास तेवढेच राहिले. तीन रात्रींत त्यांच्या शरीराची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी घटली. अशाच प्रकारच्या इतर प्रयोगांत गाढ झोप हिरावलेल्यांना दिवसा अधिक पेंग आली.

जे काम इथे आवाजाने केलं, तेच स्लीप अॅप्निया या झोपेत श्वास अडणाऱ्या आजारात घशाकडून होतं. श्वासमार्ग मिटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो, आणि हा आजार गंभीर असेल तर हे तासाला तीसहून जास्त वेळा घडतं. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. आठ तास झोपलो, तरी अंग जड का, एवढाच प्रश्न उरतो.

मनगटावरचं घड्याळ याचं उत्तर देऊ शकत नाही. ते हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं, मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. वय वाढतं तशी गाढ झोप स्वाभाविकच घटते, त्यामुळे साठीतल्या माणसाने घड्याळातला कमी आकडा पाहून घाबरू नये. मात्र मोठं घोरणं, शेजारी झोपणाऱ्याला जाणवणारे श्वासातले खंड आणि दिवसा बसल्या जागी लागणारी झोप, हे एकत्र असेल तर डॉक्टरांना सांगून झोपेची तपासणी करून घ्यावी. या आजारावर उपचार आहेत. मास्कमधून हलक्या दाबाने हवा देणारं यंत्र श्वासमार्ग उघडा ठेवतं, आणि अनेकांच्या नोंदीत पहिल्या काही रात्रींतच गाढ झोपेच्या उंच लाटा पुन्हा दिसू लागतात.