तांबड्या दाण्यातलं स्टॅटिन

(पडद्यावर: पांढऱ्या बशीत गडद तांबडे, वाळलेले तांदळाचे दाणे. एक दाणा चिमट्यात धरून मधोमध फोडला जातो.)

हा दाणा नीट पाहा. लाल सालीचा तांदूळ फोडला, तर आत पांढरा निघतो. हा मात्र गाभ्यापर्यंत लाल आहे. मुळात हा साधा पांढरा तांदूळच. तो भिजवून, वाफवून, गार करून त्यावर मोनॅस्कस नावाची बुरशी सोडलेली आहे. तिचे तंतू दाण्यात खोल शिरतात, पिष्ट खातात आणि रंग मागे ठेवतात. म्हणूनच याला रेड यीस्ट राइस म्हणतात. नावात यीस्ट असलं तरी हे यीस्ट नव्हे, धागे सोडणारी बुरशी आहे.

मोनॅस्कसचे काही वाण रंगासोबत आणखी एक पदार्थ तयार करतात. त्याला ना रंग, ना दाण्यात दिसेल अशी कुठली खूण. त्याचं नाव मोनॅकोलिन के.

१९७९ साली जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी तो मोनॅस्कसमधून वेगळा काढला. त्याच सुमारास अमेरिकेत मर्क कंपनीच्या संशोधकांना अ‍ॅस्परजिलस टेरियस या अगदी वेगळ्या बुरशीत एक पदार्थ सापडला होता. दोन्हींची रचना ताडून पाहिली, तेव्हा अणूला अणू जुळला. मर्कचा तो पदार्थ १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन या नावानं अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाला. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांचा एक गट. म्हणजे तांदळातला मोनॅकोलिन के स्टॅटिनच्या जातीचा आहे एवढंच म्हणून भागत नाही. तो लोव्हास्टॅटिनच आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून उलगडतं.

(पडद्यावर: यकृताची पेशी. आत घड्या पडलेलं पटल, त्यावर रोवलेली एन्झाइमं.)

शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, पेशी ते स्वतः घडवतात. सुरुवात होते अगदी छोट्या तुकड्यांपासून. दोन-दोन कार्बनचे तीन तुकडे जोडून एचएमजी-कोए तयार होतो. त्याचं मेव्हॅलोनेट होतं, आणि मग पायरीपायरीनं सत्तावीस कार्बनचं कोलेस्टेरॉल. या लांब साखळीत एक पायरी सगळ्या कामाचा वेग ठरवते: एचएमजी-कोएपासून मेव्हॅलोनेट. ती पायरी पार करून देणारं एन्झाइम म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज. ते अडलं की पुढची सगळी साखळी मंदावते.

मोनॅकोलिन के तिथेच बसतो, पण आल्या रूपात नाही. त्याच्या रेणूच्या एका टोकाला लॅक्टोनचं बंद कडं असतं, आणि कडं बंद असताना तो रिडक्टेजला धरू शकत नाही. पाण्याचा एक रेणू जोडला जाऊन कडं उघडलं, की टोकाला आम्ल मोकळं होतं. ही उघडलेली शेपटी एचएमजीसारखी दिसते, इतकी की एन्झाइमच्या ज्या खोबणीत एचएमजी बसायचा, तिथे ती जाऊन बसते. रेणूचा उरलेला भाग, दोन जोडकड्यांचा, पाण्यापासून दूर राहणारा. तो शेजारच्या उथळ घळीत टेकतो. अशी दोन ठिकाणी पकड मिळाल्यामुळे तो खऱ्या एचएमजी-कोएपेक्षा हजारो पटींनी घट्ट धरला जातो. तरीही ही पकड कायमची नाही. रेणू सुटतो, एन्झाइम पुन्हा चालू होतं. म्हणून मात्रा रोज घ्यावी लागते.

लोव्हास्टॅटिनची गोळी बंद कड्याच्या रूपात असते. ते कडं शरीरात, मुख्यतः यकृतात उघडतं. आंबवलेल्या तांदळात मात्र बंद आणि उघडी अशी दोन्ही रूपं मिसळलेली असतात, शिवाय मोनॅकोलिनचे इतर भाऊबंदही थोड्या प्रमाणात असतात. त्यामुळे तांदळातले दहा मिलिग्रॅम आणि गोळीतले दहा मिलिग्रॅम यांचा हिशेब काटेकोर एकाला एक बसत नाही. ढोबळ अंदाज मात्र तोच राहतो.

(पडद्यावर: पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर एकेक करून उगवतात. रक्तातले पिवळसर गोळे त्यांना चिकटून आत ओढले जातात.)

आता अनेकांच्या नजरेतून निसटणारा भाग. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारं एलडीएल कमी होतं, ते केवळ निर्मिती घटल्यामुळे नव्हे. निर्मिती अडली की यकृताच्या पेशीला आतून कोलेस्टेरॉलचा तुटवडा जाणवतो. पटलावर थांबलेलं एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन तिथून निघतं, वाटेत कापलं जातं, आणि त्याचा एक तुकडा केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. त्यातलं एक जनुक एलडीएल रिसेप्टरचं, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणाऱ्या प्रथिनाचं. पेशी जास्त रिसेप्टर बाहेर काढते आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेते. रक्ततपासणीत दिसणारी घट मुख्यतः या ओढीमुळे झालेली असते. एलडीएल रिसेप्टरचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना कोलेस्टेरॉल-नियंत्रणावरच्या कामासाठी १९८५ चं नोबेल मिळालं.

पण तोच तुकडा रिडक्टेजचं जनुकही चालू करतो. म्हणजे अडवलेलं एन्झाइम पेशी आणखी बनवू लागते. त्यामुळे मात्रा वाढवली म्हणून परिणाम तेवढ्याच पटीनं वाढत नाही. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली, तर एलडीएलमध्ये जेमतेम सहा टक्क्यांची जादा घट मिळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, कुणाचं एलडीएल १६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. रोज संध्याकाळच्या जेवणासोबत दहा मिलिग्रॅम मोनॅकोलिन के पोटात जातो. संध्याकाळी, कारण शरीराची कोलेस्टेरॉल-निर्मिती रात्री जोर धरते आणि हा रेणू रक्तात फार काळ टिकत नाही. जेवणासोबत, कारण रिकाम्या पोटी लोव्हास्टॅटिन कमी शोषलं जातं. या मात्रेत साधारण १५ ते २५ टक्के घट अपेक्षित असते. २२ टक्के धरली, तर सहा ते आठ आठवड्यांनी अहवालात १२५ च्या आसपास आकडा दिसेल. आता मात्रा दुप्पट केली, तर तो ११५ च्या जवळ जाईल. म्हणजे पहिल्या दहा मिलिग्रॅमनं ३५ अंक उतरवले, पुढच्या दहानं फक्त दहा. स्टॅटिननं स्नायूंना इजा होण्याचा धोका मात्र मात्रेसोबत वाढत जातो.

(पडद्यावर: कॅप्सूल उघडली जाते. लाल पूड कागदावर सांडते.)

खरी अडचण इथे सुरू होते. बाटलीवर ठळक अक्षरांत ६०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. हे वजन तांदळाच्या पुडीचं आहे, मोनॅकोलिनचं नव्हे. पुडीत ०.४ टक्के मोनॅकोलिन के असेल, तर कॅप्सूलमध्ये २.४ मिलिग्रॅम बसतं आणि चार कॅप्सूल मिळून साडेनऊच्या वर जातं. ०.०२ टक्के असेल, तर त्याच चार कॅप्सूलमध्ये अर्धा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. रक्ताला त्याचा पत्ताही लागणार नाही. हा काल्पनिक टोकाचा हिशेब नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तपासणीत बारा उत्पादनं तपासली गेली, आणि एका कॅप्सूलमधलं मोनॅकोलिन के ०.१ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत निघालं. म्हणजे शंभर पटींचा फरक.

रंगावरून काहीच कळत नाही. लाल रंगद्रव्य आणि मोनॅकोलिन यांचे जनुकसमूह वेगवेगळे आहेत. अन्नाला रंग देण्यासाठी पिकवलेला तांदूळ लालभडक असूनही मोनॅकोलिनच्या नावानं कोरडा असू शकतो. मोनॅकोलिन हवं असेल तर वाण निवडून घ्यावा लागतो. सुरुवातीला तीस अंशांच्या आसपास बुरशी वाढवून नंतर तापमान पंचवीसच्या खाली-वर उतरवतात, आणि मग बरेच दिवस थांबतात. घाईनं लाल झालेल्या दाण्यात ते साधत नाही.

प्रयोगशाळेत द्रव क्रोमॅटोग्राफीनं, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून आलेखावर दाखवणाऱ्या तपासणीनं, हे पाहता येतं. खऱ्या आंबवलेल्या तांदळाच्या आलेखावर बंद आणि उघड्या रूपाची दोन शिखरं दिसतात आणि आजूबाजूला इतर मोनॅकोलिनची लहान शिखरं. एकच टोकदार शिखर उभं असेल, तेही बंद रूपाचं, आणि भाऊबंद गायब असतील, तर पुडीत शुद्ध लोव्हास्टॅटिन मिसळल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

त्याच आलेखात सिट्रिनिनही शोधायला हवं. हे बुरशीचं विष मूत्रपिंडाला घातक आहे. मोनॅस्कसचे काही वाण तेही बनवतात. वर सांगितलेल्या बारांपैकी चार उत्पादनांत ते सापडलं होतं. युरोपीय संघानं या पूरक उत्पादनांतल्या सिट्रिनिनची मर्यादा आधी किलोमागे २००० मायक्रोग्रॅम ठेवली होती, ती पुढे १०० वर आणली. मोनॅकोलिनच्या बाबतीतही २०२२ पासून तिथे दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच देता येतं.

(पडद्यावर: औषधाची चिठ्ठी. त्यावर क्लॅरिथ्रोमायसिन.)

मघाच्या उदाहरणातल्या व्यक्तीकडे परत येऊ. छातीत संसर्ग होतो, डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक लिहून देतात. कोणतं औषध चालू आहे, असं विचारल्यावर उत्तर मिळतं, ‘काही नाही.’ तांदळाची कॅप्सूल औषधांत धरलीच जात नाही. मोनॅकोलिन के आतड्यात आणि यकृतात सीवायपी३ए४ या एन्झाइममुळे मोडला जातो. क्लॅरिथ्रोमायसिन तेच एन्झाइम बंद पाडतं. इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधं आणि ग्रेपफ्रूटचा रसही तेच करतो. मोडणारं कुणी उरलं नाही, की रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते. कॅप्सूल तीच राहते, डोस मात्र बदलतो. काही दिवसांत मांड्या आणि खांदे दुखू लागतात, जिना चढताना पाय उचलत नाहीत. लघवी चहासारखी गडद झाली, तर स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात उतरत असतं. हे थांबून पाहण्याचं दुखणं नाही. कॅप्सूल लगेच बंद करायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे रक्तातलं सीके, म्हणजे स्नायू फुटल्यावर रक्तात उतरणारं एन्झाइम, पाहतात. ते कमाल मर्यादेच्या दहा पटींवर असेल, तर रुग्णाला दाखल करून घेण्याचा विचार होतो.

स्टॅटिननं स्नायू दुखले म्हणून या तांदळाकडे वळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अनेकांना तो सोसतो, आणि त्याचं एक सरळ कारण बहुधा हे की त्यातला डोस लहान असतो. रेणू बदललेला नसतो. म्हणूनच गर्भारपणात, अंगावर पाजताना आणि यकृताचा सक्रिय आजार असताना लोव्हास्टॅटिनला जी मनाई आहे, ती या कॅप्सूललाही लागू होते. आधीच स्टॅटिन चालू असेल, तर वरून ही कॅप्सूल घेणं म्हणजे न मोजता डोस वाढवणं.

घ्यायचंच ठरलं, तर डॉक्टरांना सांगून, आणि सुरुवातीआधी एलडीएल, यकृताला इजा झाली की वाढणारं एएलटी आणि सीके यांचे आकडे हातात असावेत. सहा ते आठ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा. एलडीएल जागचं हललं नसेल, तर बाटलीत बहुधा नुसता लाल तांदूळ आहे. ते चाळीस टक्क्यांनी कोसळलं असेल, तर लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा बरंच जास्त काहीतरी पोटात जातंय, आणि ती बाटली तपासायला द्यायला हवी.