गाडी थांबते तेव्हा: कमी उंचीच्या आणि उशिरा शिकणाऱ्या चालकासाठी मोटारसायकलची निवड

[दृश्य: सिग्नलला थांबणारी मोटारसायकल. कॅमेरा जमिनीलगत, फक्त चाक आणि डावा पाय.]

नवशिक्याच्या हातून गाडी आडवी होते, ती बहुतेकदा थांबताना, निघताना किंवा अरुंद जागेत वळवताना. वेग असेपर्यंत गाडीचा तोल गाडीच सांभाळते. वेग संपला की तो चालकाच्या पायावर आणि हातावर येतो. म्हणून उंची कमी असलेल्या किंवा पन्नाशीनंतर शिकणाऱ्या माणसाने गाडी निवडताना हाच क्षण तपासायचा असतो. इंजिनाचा विचार त्यानंतर.

[दृश्य: भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभी व्यक्ती. दोन पायांमध्ये जाड पुस्तक आडवं धरलेलं.]

पहिलं माप स्वतःचं. भिंतीला पाठ लावा, पुस्तक जांघेपर्यंत घट्ट वर घ्या आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. एक उदाहरण घेऊ. उंची 155 सेंटीमीटर, पायाचं हे माप 700 मिलिमीटर, वय 55. गाडी चालवताना घालायच्या बुटाचा तळ 25 मिलिमीटर जाड. म्हणजे हाताशी 725 मिलिमीटर.

माहितीपत्रकात स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची 785 मिलिमीटर दिलेली असते. मीटिअर 350 ची 765. आकडे पाहून दोन्ही गाड्या हातच्या गेल्या असं वाटतं, पण तसं नाही. हा आकडा सहसा रिकाम्या गाडीचा असतो. माणूस बसला की स्प्रिंग आणि सीटचा फोम मिळून थोडे दबतात. हलका माणूस कमी दाबतो, म्हणून आपल्या उदाहरणात 20 मिलिमीटरच धरू. स्प्लेंडरची सीट आली 765 वर. फरक उरला 40 मिलिमीटर.

[दृश्य: वरून घेतलेलं चित्र. एक सीट पुढे निमुळती, दुसरी रुंद. दोन्हींवर पायाची रेघ.]

आता सीटची रुंदी. पाय सीटवरून सरळ खाली जात नाही. आधी मांडी बाहेर फाकते, मग पाय खाली वळतो. टाकीजवळ सीट रुंद असेल, तर या वळशातच दोन-तीन सेंटीमीटर खर्च होतात. त्यामुळे 765 ची रुंद सीट 785 च्या निमुळत्या सीटपेक्षा उंच वाटू शकते. पत्रकात ही रुंदी नसते. ती बसूनच कळते, आणि तेही आपल्या बुटांसकट. चपलेवर घेतलेली परीक्षा फुकट.

दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत, असा अनेकांचा आग्रह असतो. तो आम्हाला पटत नाही. सिग्नलला थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर असतो, जमिनीवर फक्त डावा. सीटवर थोडं डावीकडे सरकलं, तर डावा तळपाय पूर्ण टेकतो का, हे पाहा. टेकत असेल तर ती उंची जमण्यासारखी आहे. दोन्ही पायांची फक्त बोटं टेकत असतील तर मात्र नको, कारण रस्ता कडेला उतरता असतो. डाव्या पायाखाली पाच सेंटीमीटर खोलगट लागलं, तर पाय जमीन शोधत राहतो आणि तोवर गाडी कललेली असते.

[दृश्य: उभी गाडी हळूहळू एका बाजूला झुकवली जाते. पडद्यावर कोन: 0, 10, 20.]

आता वजन. स्प्लेंडर प्लस साधारण 112 किलोची, मीटिअर 191 किलोची. सरळ उभ्या गाडीचं वजन चाकं पेलतात, चालकाच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही. खरा प्रश्न ती कलल्यावरचा. गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटीमीटरवर आणि हँडल एक मीटरवर धरून हिशेब करू. 112 किलोची गाडी 10 अंश कलली तर हँडलवर सुमारे 11 किलोचा जोर लागतो. 20 अंशांना 21 किलो. तेच 191 किलोच्या गाडीला 18 आणि 36. मीटिअरसारख्या बुटक्या बांध्याच्या क्रूझरचा गुरुत्वमध्य थोडा खाली असल्याने तिचा प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल, पण फरक मिटत नाही. सीट 20 मिलिमीटर खाली आली, आणि त्या बदल्यात कललेली गाडी सावरायचा भार बराच वाढला.

मनगटाची किंवा खांद्याची ताकद उतरणीला लागलेल्या चालकासाठी आम्ही इथे हलक्या गाडीच्या बाजूने आहोत, सीट थोडी उंच असली तरीही.

शोरूममधल्या गाडीत पेट्रोल नावालाच असतं, हेही लक्षात घ्या. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचं. 15 लिटरची टाकी भरली की 11 किलो वाढले, आणि तेही वरच्या भागात.

[दृश्य: हँडल पूर्ण डावीकडे. उजवा हात ताणला जातो, खांदा पुढे ओढला जातो.]

तिसरं, हाताची पोहोच. ती सरळ हँडलवर तपासून उपयोग नाही. बसा, हँडल पूर्ण डावीकडे वळवा. उजवी मूठ लांब जाते. तिथेही कोपर किंचित वाकलेलं राहतं का? पाठ सीटवरून पुढे ओढली न जाता पुढचा ब्रेक दाबता येतो का? मग उजवीकडे वळवा. आता क्लचची मूठ लांब जाते. हात पूर्ण ताणला गेला, तर अर्धा क्लच धरता येत नाही, गाडी हिसका देते किंवा बंद पडते, आणि वळणातच आडवी होते. बोटांचं मधलं पेर लिव्हरवर आरामात बसलं पाहिजे. काही लिव्हरना अंतर बदलायची चकती असते. ती आधी फिरवून पाहा.

क्लच सलग वीस वेळा दाबा. नवशिक्याच्या बोटांना गर्दीत याहून जास्त काम पडतं. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं, तर ती गाडी बाजूला ठेवा.

वाढत्या वयात आणखी एक अडचण बसतानाच येते. मागचं हँडल किंवा पाठटेका उंच असेल, तर पाय त्यावरून नेताना खुब्याला ताण पडतो आणि बूट अडकतो. साइड स्टँडवर उभ्या गाडीवर चार-पाच वेळा बसून-उतरून पाहा. बसल्याबसल्या स्टँड पायाने काढता-लावता येतो का, तेही पाहा. आखूड पायाला इथे अडचण येते.

[दृश्य: कारागीर सीटचं कव्हर उघडून फोमच्या कडा छाटतो आहे.]

सगळं जमतं, फक्त उंची थोडी खुपते, तर आधी सीटला हात घाला. फोम वरून पातळ करण्याआधी टाकीजवळच्या दोन्ही कडा छाटा. पाय सरळ खाली येतो आणि बसायची जाडी शाबूत राहते. हँडल जवळ आणायचं असेल, तर त्याला वर आणि मागे आणणारे तुकडे, म्हणजे राइझर, बसतात, पण नंतर दोन्ही टोकांना वळवून केबल ताणल्या जात नाहीत ना, हे इंजिन चालू ठेवून पाहा. वळवताना इंजिनाचा वेग आपोआप वाढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जाते आहे.

मागचं सस्पेन्शन खाली करणारे दुवे हा शेवटचा उपाय. मागची बाजू उतरवली की पुढचे फोर्कही दोन्ही बाजूंनी सारखेच वर सरकवावे लागतात, नाहीतर गाडी वळायला जड होते. जमिनीपासूनचं अंतर घटतं, गतिरोधकावर पोट घासतं. आणि हमखास विसरला जातो तो साइड स्टँड. गाडी उतरली, स्टँड तेवढाच राहिला, की ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि हलक्या धक्क्यानेही उलट्या बाजूला पडते. दुवे बसवायचे असतील, तर स्टँड कापून आखूड करणं त्याच दिवशीच्या कामात धरा.