वहीच्या फोटोतला आठवडाभराचा रक्तदाब

श्रोतेहो, नमस्कार. आई साताऱ्याजवळच्या गावात राहते, मुलगी पुण्यात. डॉक्टरांनी आईला सांगितलंय, आठवडाभर घरी बीपी मोजा आणि लिहून ठेवा. आई रोज मोजते, शंभरपानी वहीत लिहिते आणि रविवारी रात्री त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते. आता त्या फोटोतून डॉक्टरांच्या उपयोगाचा एक आकडा काढायचा आणि एखादा दिवस वेगळा गेला असेल तर तो हुडकायचा, हे काम मुलीचं. आज तेवढंच काम आपण एकत्र करून बघू. शक्य असेल तर कागद-पेन्सिल हाताशी घ्या.

आधी मोजण्याची रीत. सकाळी दोन वेळा आणि संध्याकाळी दोन वेळा, दोन मोजण्यांत एक मिनिटाचं अंतर. सकाळचं मोजणं गोळी आणि चहाच्या आधी. मोजण्यापूर्वी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला येईल असा हात टेबलावर. सात दिवसांत अशा अठ्ठावीस मोजण्या होतात. त्यातला पहिला दिवस सरासरीत धरत नाहीत. यंत्राची सवय नसते, मनावर थोडा ताण असतो आणि पहिल्या दिवसाचे आकडे बहुधा चढेच येतात. आईच्या वहीत सोमवारी सकाळच्या पहिल्या मोजणीत १५२ आलेत, पुढे बहुतेक दिवस त्याच मोजणीत १३५ ते १३९. म्हणून सोमवारवर बारीक रेघ मारायची. खोडायचं नाही, फक्त हिशेबातून बाजूला ठेवायचं. उरले सहा दिवस, चोवीस मोजण्या.

आता फोटो. हिशेब चुकतो तो बेरजेत कमी, फोटो वाचण्यात जास्त. यंत्राच्या पडद्यावर तीन आकडे येतात: वरचा रक्तदाब, खालचा रक्तदाब आणि नाडीचे ठोके. घाईत खालच्याच्या रकान्यात नाडी लिहिली जाते. खालचा आकडा रोज ८०-८५ च्या घरात असताना मध्येच ६८ दिसला, तर आधी नाडीचा रकाना बघा. दुसरा घोळ अंकांचा. यंत्र इंग्रजी अंक दाखवतं, आईचा हात मराठी अंकांचा, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही प्रकार येतात. मराठी चार गाठ मारून लिहिला की इंग्रजी आठ वाटतो, आणि मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. इंग्रजी तीनची वरची वाटी घाईत मिटली, तर त्याचाही नऊ होतो. तिसरा घोळ ओळींचा. फोटो तिरका काढला असेल तर मंगळवारच्या वरच्या आकड्यासमोर नजरेला बुधवारचा खालचा आकडा येतो. मोबाईलच्या पडद्यावर कागदाची सरळ कड आडवी धरून एकेक ओळ वाचा, म्हणजे हे टळतं. आईला सांगून ठेवायचं तर इतकंच: वही टेबलावर सपाट, फोटो बरोबर वरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर व्हॉट्सॲप तो दाबून धूसर करत नाही.

फोटोत आकडा लागत नसेल तर अंदाज करू नका. बहुतेक घरगुती यंत्रं मागच्या मोजण्या साठवून ठेवतात. मेमरीचं बटण दाबून आईला फोनवर वाचायला सांगा. मात्र काही यंत्रांत सेल बदलले की घड्याळ पुन्हा शून्यावर जातं आणि तारखा खोट्या होतात. अशा वेळी तारखेवर न जाता क्रम जुळवायचा.

आता बेरीज. दहावीच्या बीजगणितात गृहीतमध्य शिकवतात, तो इथे फार सोयीचा. वरच्या रक्तदाबासाठी १३० धरा आणि प्रत्येक आकडा त्यापेक्षा किती जास्त किंवा कमी तेवढंच लिहा. मंगळवार घेऊ. सकाळी १३७ आणि १३२, संध्याकाळी १३१ आणि १२८. म्हणजे सात जास्त, दोन जास्त, एक जास्त, दोन कमी. बेरीज आठ, भागिले चार, दोन. मंगळवारची सरासरी १३२. अशाच रीतीने बुधवार १३४, गुरुवार १३१, शुक्रवार १४५, शनिवार १३४ आणि रविवार १४७.

एखादी मोजणी राहून गेली असेल तर तिथे शून्य धरायचं नाही. त्या दिवशी तीनच आकडे असतील तर तिनाने भागा. हे सांगायचं कारण, रिकाम्या चौकोनात आडवी रेघ ओढलेली असते आणि मोबाईलवर भरणारा माणूस तिचा शून्य करून टाकतो. मग त्या दिवसाची सरासरी थेट शंभराच्या आसपास येते आणि घर घाबरतं.

आता वेगळा दिवस शोधू. इथे सरासरीशी तुलना करू नका, कारण वेगळा दिवस सरासरीलाच आपल्याकडे ओढून घेतो. सहा दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लावा: १३१, १३२, १३४, १३४, १४५, १४७. मधले दोन १३४ आणि १३४, म्हणजे मध्यक १३४. त्यापासून दहाहून जास्त दूर गेलेला दिवस पुन्हा बघायचा. दहा हा काही वैद्यकीय नियम नाही, कुठे बोट ठेवायचं ते ठरवायची ती खूण आहे. इथे दोन दिवस पकडले जातात, शुक्रवार आणि रविवार. दिसायला दोन्ही सारखेच, पण एक गोंधळ कागदावरचा निघतो आणि दुसरा खरा.

रविवारच्या संध्याकाळी पहिली मोजणी १९२ वर ८३ दिसते. एका मिनिटानंतरची दुसरी १३० वर ८१. एका मिनिटात वरचा आकडा बासष्टने उतरला आणि खालचा जवळजवळ जागचा हलला नाही, हे पटत नाही. आणखी एक खूण म्हणजे वरच्या आणि खालच्यातला फरक. या पानावर इतर दिवशी तो पन्नासच्या आसपास आहे, इथे १०९. फोटो मोठा करून त्याच पानावरचे आईचे इतर तीन आणि नऊ शेजारी ठेवून बघा. वाटी मिटलेला तीन निघतो, म्हणजे आकडा १३२. तरी नुसत्या तर्कावर दुरुस्ती करू नका. १९२ हा आकडा खरा असता तर तो गंभीर असता, म्हणून आधी फोन, आईची विचारपूस आणि यंत्राच्या मेमरीतून खात्री. मग रविवारची सरासरी १४७ वरून १३२ वर येते. सगळ्या आठवड्याची वरची सरासरी १३७ दिसत होती, ती १३४.७ होते. घरच्या मोजणीत डॉक्टर ज्या रेषेकडे बघतात ती १३५ वर ८५ अशी आहे. दवाखान्यातली रेषा १४० वर ९०. म्हणजे एका मिटलेल्या वाटीने आईला रेषेपलीकडे नेऊन ठेवलं होतं.

शुक्रवारचं तसं नाही. दिवसाची सरासरी सोडा आणि सकाळ-संध्याकाळ वेगळी करा. सकाळी १३७ आणि १३३, नेहमीसारखेच. संध्याकाळी १५९ वर ९४ आणि १५१ वर ९०. दोन्ही मोजण्या चढ्या, वरचा-खालचा दोन्ही आकडे एकत्र चढलेले, फरकही फार वाढलेला नाही आणि दुसरी मोजणी पहिलीपेक्षा कमी. खरा वाढलेला रक्तदाब स्थिरावताना असाच दिसतो. पानाच्या कडेला आईनं बारीक अक्षरात लिहिलंय, एसटीतून उतरून आल्याबरोबर. पाच मिनिटं बसणं झालेलं नाही, हे उघड आहे. कडेच्या अशा नोंदी फोटोत हमखास कापल्या जातात, म्हणून पूर्ण पान मागा. गोळी चुकणं, रात्रीची झोप मोडणं, सर्दीची गोळी किंवा दुखण्यावरची गोळी घेणं, हेही त्याच जागी सापडतं.

मग शुक्रवारची संध्याकाळ काढून टाकायची का? माझं मत, नाही. वाचण्यातली चूक दुरुस्त करायची असते, खरा आकडा आपल्या सोयीने गाळायचा नसतो. एकदा गाळायला लागलं की प्रत्येक चढ्या आकड्याला काहीतरी कारण सापडतं. सरासरी तिच्यासकट द्या, आणि शेजारी तिच्याशिवायचीही लिहा. सगळ्या चोवीस मोजण्यांची वरची सरासरी १३४.७, शुक्रवारच्या संध्याकाळच्या दोन वगळून १३२.८. खालच्याची त्याच रीतीने ८० गृहीत धरून सरासरी ८३ येते. अपूर्णांक शेवटीच पूर्ण करा. दिवसागणिक पूर्ण करत गेलात तर रेषेजवळचा आकडा इकडचा तिकडे जातो. आणि खरं तर घरच्या यंत्रातच दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे आकड्यात दोन-तीनची, चूक धरावी लागते, त्यामुळे १३४.७ म्हणजे रेषेच्या खाली, अशी खूणगाठ बांधू नका. रेषेवर, असं म्हणा. आईला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तिच्यासाठी ठरवलेली रेषा वेगळी असू शकते, ती डॉक्टरच सांगतील. गोळी वाढवणं-कमी करणं या हिशेबावर घरी करायचं नाही.

एक नजर शेवटच्या अंकांवरही टाका. इलेक्ट्रॉनिक यंत्राचे आकडे शून्यापासून नऊपर्यंत कशानेही संपतात. पानभर १३०, १४०, १३५ असेच दिसले, तर आकडे लिहिताना गोल केले गेलेत. त्या पानावरून दशांश काढण्यात अर्थ नाही, आईला जसा दिसेल तसा आकडा लिहायला सांगून पुढचा आठवडा पुन्हा मोजा.

डॉक्टरांना मग चार ओळी पुरतात. सहा दिवस, चोवीस मोजण्या, पहिला दिवस वगळून. सरासरी १३४.७ वर ८३. शुक्रवारी संध्याकाळी १५९ वर ९४ आणि १५१ वर ९०, प्रवासाहून आल्याबरोबर मोजलं. रविवारचा १९२ हा वाचण्यातली चूक, यंत्रावर १३२. सोबत मूळ पानाचा फोटो जोडा, म्हणजे त्यांना हवं ते त्यांच्या डोळ्यांनी पडताळता येईल.

आणि हा सगळा हिशेब निवांत आठवड्याचा. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर रविवारची वाट बघायची नाही. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा, तरी तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं किंवा नजर अंधुक होणं असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.